भाच्याने पहिल्याच दिवशी घरखर्च का विचारला?

प्रश्न : माझा भाचा नुकताच विमा एजंट व्हायला निघाला आहे. प्रशिक्षणाचा पहिला दिवस आटोपून तो थेट माझ्याकडे आला. आता हा एखादं माहितीपत्रक काढून बसणार असं मला वाटलं, पण त्याने वही काढली. महिन्याला घरात किती खर्च होतो, कर्ज किती, घर कोणाच्या कमाईवर चालतं, असं विचारत बसला. मी मिश्री लावते का, हेसुद्धा विचारलं! माझे मिस्टर जिल्हा परिषदेत होते. त्यांच्या मागे मला पेन्शन मिळतं. मुलगा पुण्याला कंपनीत आहे, मुलीचं लग्न झालं आहे. हे सगळं लिहून घेऊन शेवटी तो म्हणाला, "आत्या, तुला यातलं काही नको." खरं सांगायचं तर मला वाईटच वाटलं. त्याची पहिली पॉलिसी मीच घ्यायची असं मी ठरवून ठेवलं होतं. विमा विकायला शिकवतात म्हणजे बोलायला शिकवत असतील, अशी माझी समजूत होती. मग पहिल्या दिवशी नेमकं काय शिकवतात? आणि मिश्रीचा विम्याशी काय संबंध?
— एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : ताई, नव्या एजंटांच्या वर्गात पहिल्या दिवशीचं पहिलं भाषण मी गेली काही वर्षं करत आलो आहे. त्याआधी बरीच वर्षं स्वतः पॉलिसी विकत होतो. तुमच्या भाच्याचा वर्ग माझा नव्हता, पण त्याने वहीत काय लिहून घेतलं हे वाचून त्याच्या वर्गात काय झालं असेल त्याचा अंदाज येतो. माझ्या वर्गात काय होतं ते सांगतो, म्हणजे तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं मिळतील.

वर्गात बसलेल्यांपैकी कोणी नुकतंच पदवीधर झालेलं असतं, कोणी बचत गटातली ताई असते, कोणी नोकरीतून निवृत्त होऊन आलेले काका असतात. खोटं बोलायचं नाही हे त्यांना सांगावं लागत नाही, ती माणसं चांगल्या घरची असतात. मी त्यांना वेगळीच गोष्ट सांगतो : एकही शब्द खोटा न बोलता माणसाचं नुकसान करता येतं, आणि ते मी केलं आहे.

२००९ सालची गोष्ट. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज चालवणारा एक ओळखीचा माणूस होता. वय ३४. घरात बायको, दोन लहान मुलं आणि आई. गॅरेजच्या शेडसाठी आणि घरासाठी घेतलेलं कर्ज डोक्यावर होतं. वर्षाला तीस हजारांपर्यंत भरू शकतो, म्हणाला; काहीतरी चांगलं सुचवा. मी त्याला वीस वर्षांची एन्डोमेंट पॉलिसी दिली : वर्षाचा हप्ता ३०,००० रुपये, विमा रक्कम ६ लाख. मुदत पूर्ण झाली की बोनससह अकरा लाखांच्या आसपास मिळतील, मधेच काही झालं तर सहा लाख आणि तोवर साचलेला बोनस घरच्यांना मिळेल, हे मी नीट समजावून सांगितलं. त्यातलं काहीही खोटं नव्हतं. मला पहिल्या वर्षीचं कमिशन मिळालं १०,५०० रुपये. हप्त्याच्या ३५ टक्के, त्या वेळच्या कायद्यातली कमाल मर्यादा.

सातव्या वर्षी तो अपघातात गेला. पॉलिसी चालू होती, सगळे हप्ते वेळेवर भरलेले होते. दाव्याचे कागद मीच जमवून दिले. कंपनीने कसलीही खळखळ न करता पैसे दिले. सहा लाख आणि बोनस मिळून पावणेआठ लाखांच्या वर थोडे. त्यातले चार लाख कर्ज फेडण्यात गेले. उरले पावणेचार लाख. घराचा महिन्याचा खर्च तेव्हा पंधरा हजार होता, म्हणजे वर्षाचे एक लाख ऐंशी हजार. दोन वर्षांत पैसे संपले. तिसऱ्या वर्षी वहिनींनी गॅरेजची जागा विकली. धाकटा मुलगा तेव्हा तिसरीत होता.

इथे मी थांबतो आणि वर्गाला विचारतो, चूक कुठे झाली? नेहमी कोणीतरी म्हणतं, कंपनीने पैसे कमी दिले. नाही, पैसे ठरल्याप्रमाणेच आले. मग कोणी म्हणतं, नशीब. तेही नाही. मग फळ्यावर मी दुसरं गणित मांडतो. त्याच वयाला, त्याच काळात, टर्म इन्शुरन्स घेतला असता तर ३० लाखांच्या विम्याचा हप्ता तीस हजारांच्या निम्म्यालाही पोहोचला नसता. टर्म म्हणजे फक्त जोखमीचा विमा. माणूस मुदतीत गेला तर रक्कम मिळते, जगला तर काही मिळत नाही. त्याच्या घरी ३० लाख आले असते, कर्ज फिटून २६ लाख उरले असते. त्या पैशांवर एक रुपयाही व्याज मिळालं नाही असं धरलं तरी तोच घरखर्च चौदा वर्षं चालला असता. महागाईने ही वर्षं कमी झाली असती आणि व्याजाने थोडी वाढली असती. पण तिसरीतला मुलगा कमावण्याच्या वयाला आला असता. शिवाय दरवर्षी हप्त्यातले सतरा-अठरा हजार उरले असते. ते पोस्टात किंवा बँकेत त्याच्याच नावावर साठत राहिले असते.

मग मी तेव्हा टर्म का दिला नाही? नव्या एजंटांना याचं उत्तर खरं सांगावं लागतं. टर्मच्या बारा-तेरा हजारांच्या हप्त्यावर त्याच दराने मला साडेचार हजारांच्या आसपास मिळाले असते आणि एन्डोमेंटवर साडेदहा हजार मिळाले, हे एक कारण. पण तेवढंच कारण असतं तर मी स्वतःला लबाड म्हणून मोकळा झालो असतो. दुसरं कारण असं की, त्याने मला विचारलं होतं, "पैसे परत मिळतील ना?" आणि तो जे मागत होता तेच मी दिलं. ग्राहक मागतो ते द्यायचं यात काय वाईट, असं मला वाटलं. त्याच्या घरचा खर्च किती, हे मी विचारलंच नव्हतं. कर्ज आहे हे माहीत होतं, पण आकडा माहीत नव्हता. मला त्याचा हप्ता माहीत होता, त्याची गरज नाही.

म्हणून माझ्या वर्गात पहिल्या दिवशी माहितीपत्रक वाटत नाहीत. एक कोरा कागद वाटतात. त्यावर चार ओळी भरायच्या. कमावतं माणूस नसेल तर घराला महिन्याला किती लागतील. कर्ज किती शिल्लक आहे. कोणत्या वर्षी कोणता मोठा खर्च ठरलेला आहे, जसं मुलाचं शिक्षण. आणि या सगळ्यासाठी आज हाताशी काय आहे : आधीचा विमा, ठेवी, भाड्याने देता येईल अशी जागा. पहिल्या तीन ओळींची बेरीज केली आणि त्यातून चौथी वजा केली की जे उरतं, तेवढा विमा लागतो. पहिली ओळ किती वर्षांनी गुणायची ते सर्वांत धाकट्या मुलाच्या वयावरून ठरवायचं. हा हिशेब बारीक नाही. त्यात महागाई आणि व्याज आणखी काटेकोरपणे धरता येतं आणि पुढच्या दिवसांत ते शिकवतातही. पण पहिल्या दिवशी एवढं पुरे असतं, कारण ढोबळ का होईना, खरी गरज पन्नास लाखांची आहे की पाच लाखांची हे त्यातून कळतं. प्रत्यक्षात चूक तिथेच होते.

तुमच्या भाच्याने तुम्हाला घरखर्च विचारला तो याच कागदासाठी.

पाचवी ओळ

कागदावर पाचवी ओळ असते आणि माझ्या मते तीच सगळ्यांत अवघड : वर्षातल्या सर्वांत कडक महिन्यात या घरातून किती रुपये निघू शकतात?

आमच्याकडे नवे एजंट ग्राहकाचं उत्पन्न विचारतात आणि त्याच्या दहा-पंधरा टक्के हप्ता काढून मोकळे होतात. पगारदार माणसाला ते चालतं. पण ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याकडे पैसा येतो तो कारखान्याचं बिल निघाल्यावर. जून-जुलैत त्याच्याकडे पेरणी, खतं आणि मुलांच्या शाळा असतात. अशा माणसाची पॉलिसी जूनमध्ये सुरू केली तर तिचा वार्षिक हप्ता दरवर्षी जूनमध्येच येणार. पहिला हप्ता तो तुमच्या शब्दाखातर भरतो. दुसऱ्या वर्षी जूनमध्ये तुमचा फोन उचलत नाही. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, मासिक हप्त्याला पंधरा. तीही उलटली की पॉलिसी बंद पडते, म्हणजे आमच्या भाषेत लॅप्स होते. ती पुन्हा सुरू करता येते, पण थकलेले हप्ते, त्यांवरचं व्याज आणि गरज पडली तर नव्याने वैद्यकीय तपासणी, असा सगळा खर्च सोसून. मधल्या काळात माणूस गेला, तर घरी काही येत नाही.

हीच पॉलिसी फेब्रुवारीत, उसाचं बिल हातात असताना सुरू केली असती तर कदाचित वीस वर्षं चालली असती. फक्त तारखेचा फरक.

मग मी वर्गाला बंद पॉलिसीचं गणित दाखवतो. पूर्वीच्या नियमानुसार एन्डोमेंटसारख्या पॉलिसीचे पूर्ण दोन वर्षांचे हप्ते भरल्याशिवाय सोडताना काहीच परत मिळत नसे. वर्षाला ६०,००० भरणाऱ्याने एका वर्षानंतर सोडली तर साठही गेले. दोन वर्षं भरून सोडली तर हमीची किमान रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या ३० टक्के, म्हणजे १,२०,००० भरून ३६,०००. १ ऑक्टोबर २०२४ पासूनचे नियम ग्राहकाच्या बाजूने सुधारले आहेत. आता एका वर्षाचा पूर्ण हप्ता भरलेला असेल तर वर्ष पूर्ण झाल्यावरही सोडताना काही रक्कम द्यावी लागते. तरीही लवकर सोडणाऱ्याचं नुकसान होतंच, फक्त आधीपेक्षा कमी. म्हणून मी नव्या एजंटांना सांगतो की पहिला चेक मिळाला म्हणजे पॉलिसी विकली गेली असं समजू नका. तेराव्या महिन्यात दुसऱ्या वर्षाचा हप्ता न मागता आला, तेव्हा ती विकली गेली. कंपन्याही एजंटची पत मोजताना तेराव्या महिन्याला किती पॉलिसी चालू राहिल्या हे पाहतात.

पाचव्या ओळीत काही वेळा अगदी लहान आकडा येतो. रोजंदारीवर जाणारी, दोन मुलांची आई, महिन्याला दोनशे रुपयेही खात्रीने बाजूला काढू शकत नाही. तिला कोणती पॉलिसी द्यायची, असं वर्गात विचारतात. मी म्हणतो, तिला बँकेत घेऊन जा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत वर्षाला ४३६ रुपयांत दोन लाखांचा विमा मिळतो, १८ ते ५० वयापर्यंत नाव घालता येतं, आणि पैसे खात्यातून आपोआप कापले जातात. मे महिन्याच्या अखेरीस खात्यात तेवढी रक्कम ठेवायला तिला आठवण करा, कारण शिल्लक नसली तर विमा तिथेच थांबतो. तुमचा यात धंदा होत नाही, पण त्या बाईला योग्य ते मिळतं. वर्गात या वेळी थोडी चुळबुळ होते. होऊ द्यावी.

"सहाचे अकरा होतात की!"

सर्वांत जास्त वेळ मी ज्या वाक्यावर घालवतो ते हे. गॅरेजवाल्या माणसाला मी म्हणालो होतो, सहा लाख भराल आणि अकरा मिळतील. जवळजवळ दुप्पट. खरंच होतं ते. पण ते ऐकून माणसाच्या डोक्यात काय उतरतं? सहा लाखांचे अकरा झाले, म्हणजे चांगलंच वाढले.

खरं असं की सहा लाख एका दिवशी भरलेले नसतात. पहिले तीस हजार वीस वर्षं कंपनीकडे राहतात, दुसरे एकोणीस वर्षं, आणि शेवटचे तीस हजार फक्त एकच वर्ष. सरासरी काढली तर प्रत्येक रुपया साडेदहा वर्षं तिथे राहिला. दरवर्षी ३०,००० भरून वीस वर्षांनी ११ लाख ४ हजार मिळत असतील, तर वार्षिक परतावा साडेपाच टक्के पडतो. हे मी वर्गात मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर एकेकाकडून करून घेतो. साडेपाच टक्के हे वाईटच असं मी म्हणत नाही. ज्याला हाताशी पैसा राहिला की खर्च होतो, ज्याला सक्तीची शिस्त हवी आहे आणि ज्याचा पुरेसा विमा आधीच काढलेला आहे, अशा माणसाला एन्डोमेंट शोभते. पण "दुप्पट" म्हणायचं असेल तर "साडेपाच टक्क्यांनी" हेही त्याच वाक्यात यायला हवं.

आता कंपन्या विक्रीच्या वेळी बेनिफिट इलस्ट्रेशन देतात. बोनस मिळणाऱ्या पॉलिसीत त्यावर दोन रकाने असतात, चार टक्के आणि आठ टक्के. नवे एजंट आठ टक्क्यांवर बोट ठेवतात आणि सांगतात, आठ टक्के मिळतात. मिळत नाहीत. हे कंपनीच्या गुंतवणुकीवर किती उत्पन्न येईल याचे दोन अंदाज आहेत. त्यातून कंपनीचा खर्च आणि विम्याच्या जोखमीची किंमत जाते आणि मग ग्राहकाच्या वाट्याला जे उरतं ते खाली रुपयांत लिहिलेलं असतं. कोणत्याच रकान्याची हमी नसते. हमीची रक्कम वेगळी दाखवलेली असते. या कागदावर ग्राहकाची आणि एजंटची, दोघांची सही लागते. मी शिकवतो की सही घेण्याआधी ग्राहकाला एकच प्रश्न विचारा : "यातला हमीचा आकडा कोणता ते मला दाखवा." त्याला दाखवता आला नाही तर सही घेऊ नका, दुसऱ्या दिवशी या.

टर्म इन्शुरन्सबद्दल "जगलो तर पैसे वाया" असं ग्राहक म्हणतो, तेव्हा त्याची समजूत काढायला भाषण करू नका, हेही सांगतो. गॅरेजवाल्याकडे रोज ज्या गाड्या येत त्यांचा विमा दरवर्षी भरला जाई, आणि वर्षभरात अपघात झाला नाही म्हणून कोणी कधी पैसे वाया गेले म्हटलं नाही. हे उदाहरण त्याच्या रोजच्या कामातलं होतं आणि मला ते त्या वेळी सुचलं नाही. नव्या मुलांना सुचावं म्हणून सांगतो.

आणि मिश्री

आता तुमचा दुसरा प्रश्न. विम्याच्या अर्जात, म्हणजे प्रपोजल फॉर्ममध्ये, तंबाखूविषयी प्रश्न असतो : कोणत्याही स्वरूपात तंबाखू वापरता का? आपल्याकडे हा प्रश्न विचारला की बायका चटकन "नाही" म्हणतात, आणि त्या मनापासून नाही म्हणतात. तंबाखू म्हणजे मळून तोंडात धरायची ती, अशी समजूत. मिश्री म्हणजे दात घासायची. पण मिश्री तंबाखू भाजूनच केलेली असते, आणि अर्जाच्या दृष्टीने ती तंबाखूच. म्हणून अर्ज भरताना "तंबाखू घेता का" असं विचारून थांबायचं नाही, "मिश्री लावता का" असं विचारायचं. तसंच "मधुमेह आहे का" विचारलं की नाही म्हणणारा माणूस "साखर वाढते का" विचारलं की हो म्हणतो. "रक्तदाबाचा आजार?" नाही. "बीपीची अर्धी गोळी घेता का?" ती चालू आहे, सकाळी.

यात एजंटची जबाबदारी मोठी आहे, कारण गावाकडे अर्ज बहुतेक वेळा एजंटच भरतो आणि ग्राहक फक्त सही करतो. घाईत एजंट सगळ्या प्रश्नांपुढे "नाही" वर खुणा करत सुटतो. हप्ता कमी बसतो, तपासणी टळते, काम लवकर होतं. मग दोन वर्षांनी माणूस गेला की कंपनी दवाखान्याचे कागद मागवते आणि साखरेची जुनी चिठ्ठी निघते. विमा कायद्याच्या ४५व्या कलमानुसार पॉलिसी सुरू होऊन तीन वर्षं झाल्यावर कंपनीला कोणत्याही कारणाने तिच्यावर आक्षेप घेता येत नाही. पण त्या तीन वर्षांच्या आत महत्त्वाची माहिती लपवल्याचं दिसलं तर दावा नाकारता येतो. घरच्यांना वाटतं कंपनीने फसवलं. अर्जावरची "नाही" ही खूण मात्र एजंटच्या हाताची असते. खरं लिहिलं असतं तर हप्ता थोडा वाढला असता, आणि दावा मंजूर झाला असता.

वर्गात मी दोघादोघांना समोरासमोर बसवून अर्जातला प्रत्येक प्रश्न मराठीत, आपल्या गावच्या बोलीत विचारायला लावतो. यावर एक तास जातो. उशीर होतो, मॅनेजर दोनदा दारात डोकावून जातात. पण हा तास मी कमी करत नाही.

बाकी काही गोष्टी मी त्या दिवशी थोडक्यात सांगतो. पहिला हप्ता स्वतः भरून किंवा कमिशनातले पैसे ग्राहकाला परत देऊन पॉलिसी विकायची नाही. कायद्याच्या ४१व्या कलमाने ते बंद आहे आणि दंड दहा लाखांपर्यंत आहे. मार्चमध्ये "कर वाचवा" म्हणत फिरण्याआधी ग्राहकाने कोणती करप्रणाली निवडली आहे ते विचारा, कारण नव्या प्रणालीत हप्त्याची ८०सी ची सूट मिळत नाही. आणि पॉलिसीचे कागद ग्राहकाच्या हाती पडल्यावर तीस दिवसांत त्याला ती परत करता येते, किरकोळ वजावट होऊन पैसे मिळतात. त्या तीस दिवसांत एकदा त्याच्या घरी जाऊन कागद त्याच्यासमोर उघडून वाचा. परत करतो म्हणाला तर करू द्या.

विक्रीच्या लक्ष्याचं काय, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण भाच्याच्या काळजीने ते मनात आलं असणार. लक्ष्य असतं, आणि त्याचा ताण खरा असतो. महिना संपत आला की एजंटला कोणीही ग्राहक दिसू लागतो, आणि पहिले दिसतात ते नातेवाईक. आत्या, मावशी, मामा नाही म्हणत नाहीत. म्हणूनच मी पहिला कागद घरच्यांचाच भरायला लावतो, पण पॉलिसी देण्यासाठी नाही. स्वतःच्या घरी त्या चार ओळी भरताना काय होतं ते त्यांनी पाहावं म्हणून. बऱ्याच जणांना कळतं की वडिलांच्या पाच पॉलिसी मिळून विमा रक्कम तीन लाख होते. काहींना असंही कळतं की आजीच्या नावाने भरत असलेल्या हप्त्याची कोणालाच गरज नाही.

तुमच्या बाबतीत त्याने हेच पाहिलं. तुमच्या कमाईवर आज कोणी अवलंबून नाही. पेन्शन तुम्हाला पुरतं, मुलगा कमावता आहे, मुलगी तिच्या घरी सुखी आहे. तुम्ही गेल्यावर कोणाचं घर थांबणार नाही, म्हणून चार ओळींच्या शेवटी शून्य येतं आणि पाचव्या ओळीपर्यंत जायची गरजच राहत नाही. तुम्ही त्याच्यासाठी पॉलिसी घेतली असती तर त्याच्या खात्यात काही हजार आले असते आणि तुमच्या वयाला तो हप्ता महागात पडला असता. तुमच्यासाठी पाहायचंच असेल तर आरोग्य विम्याचं पाहावं. मुलाच्या कंपनीच्या विम्यात तुमचं नाव आहे का, एवढं मुलाला विचारा. नसेल तर त्याची वेगळी चौकशी करावी लागेल, आणि मिश्री लावत असाल तर तिथे मात्र ती गोष्ट लपवू नका. बँकेतल्या ठेवींवर नॉमिनीचं नाव आहे ना तेही एकदा पाहून घ्या. मिस्टरांचं नाव अजून तसंच असेल तर बदला.

आणि भाच्याला मदतच करायची असेल तर मुलाचा नंबर त्याला द्या. पुण्यात राहणाऱ्या, नोकरी करणाऱ्या मुलाच्या नावावर बहुधा घराचं कर्ज असेल. तसं असेल आणि घरात लहान मूल असेल, तर वहीतला दुसरा कागद त्याच्या नावाने भरायला हवा. भाच्याला सांगा, दादाच्या घरी जाशील तेव्हा वहिनीलाही शेजारी बसव, आणि घरखर्चाचा आकडा तिच्याकडूनच घे.